"पण झालंच तर?" : आमच्या घरातली सहाची वही

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा आहे. दिवसभर "असं झालं तर, तसं झालं तर" चालूच. डॉक्टरांनी जनरलाइज्ड अँक्झायटी सांगितलीय. काळजीची वेळ ठरवा आणि विचार तपासायला शिकवा म्हणाले. घरी हे नेमकं करायचं कसं?

आमची लेकही तेव्हा नऊचीच होती. घर सांगलीत, गावभागात, त्यामुळे जून लागला की पहिला प्रश्न पुराचा आणि त्याच्यामागे बाकीचे रांगेत. बाबांची गाडी घसरली तर, पेपरात पेन बंद पडलं तर, तू आजारी पडलीस तर. मी प्रत्येकाला उत्तर द्यायचे. "काही होत नाही गं" म्हटलं की दोन मिनिटं शांत, मग "पण झालंच तर?" समुपदेशक मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की उत्तर मिळाल्यावर तिला जी सुटका वाटते तीच पुढचा प्रश्न घेऊन येते.

आम्ही वेळ ठरवली संध्याकाळी सहा ते सव्वासहा, मागच्या दाराच्या पायरीवर, मोबाईलवर गजर लावून. आधी रात्री नऊला करून बघितलं होतं, ती चूक. काळज्या उकरून पोरगी अंथरुणात गेली आणि अकरापर्यंत टक्क जागी. दिवसा प्रश्न आला की मी एकच वाक्य म्हणायचे, "वहीत लिही, सहाला बघू." तिनं एक ओळ लिहायची आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचं. विचार दाबायचा नसतो, फक्त सहापर्यंत थांबवायचा असतो. सहाला वही उघडली की ज्या काळज्या आता वाटतच नाहीत त्यांच्यावर आधी काट मारायची. अकरापैकी सहा-सात तिथेच जायच्या, आणि ते तिचं तिला दिसायचं.

पहिले तीन-चार दिवस प्रश्न उलट वाढले. आणि आजी! मी "सहाला" म्हटलं की ही स्वयंपाकघरात जाऊन आजीकडून खात्री घेऊन यायची. सासूबाईंना समजावणं लेकीपेक्षा अवघड गेलं. घरात एकानं जरी उत्तर दिलं तरी वही कुचकामी.

उरलेल्यांतली एकच काळजी घेऊन तपासायची. जुलैतलं एक पान माझ्याकडे अजून आहे: "रात्री झोपेत पाणी आलं तर?" दहापैकी किती खरं वाटतं? नऊ. असं वाटायला कारण काय? तिनं लिहिलं, "२०१९ ला आपल्या घरात पाणी आलं होतं." हे खरंच होतं, म्हणून "येणार नाही" म्हणण्यात अर्थ नव्हता. मग विरुद्ध बाजू, पण मी सांगायची नाही, विचारायची. तेव्हा पाणी एका रात्रीत आलं का? नाही, चढत चढत आलं. आधी कळतं कसं? कृष्णेची आयर्विन पुलावरची पातळी सांगतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. त्या दिवशी पाणी २२ फुटांवर होतं. आणि आलंच तर आपण काय करू? "मागच्या वेळेसारखं विश्रामबागला मावशीकडे. मोत्याला मी धरीन." शेवटी तिनं तिच्या शब्दांत लिहिलं: "पाणी येऊ शकतं, पण आधी कळतं, मग आम्ही मावशीकडे जातो." आकडा पाचवर आला. शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. खोटा दिलासा मुलं लगेच ओळखतात.

इथे माझी एक फसगत झाली. पातळीचा उपयोग होतोय म्हटल्यावर ती दिवसातून दहादा मोबाईल मागायला लागली, "आता किती फूट?" म्हणजे खात्री मागण्याचंच नवं रूप. मग पातळी दिवसातून एकदा, सहालाच बघायची असं ठरलं. तसंच तपासणीत मी वकिलासारखी मुद्दे मांडायला लागले की ती "हो, पण" म्हणत नवी पळवाट काढायची. प्रश्न तुमचे, उत्तरं त्याची, एवढं सांभाळा. गजर वाजला की अर्ध्यावर असलं तरी वही बंद, आणि लगेच उठून काहीतरी दुसरं. आम्ही मोत्याला फिरवायला न्यायचो.

सगळंच सहावर ढकलू नका मात्र. पोट दुखतंय, वर्गात कोणी मारतंय, गृहपाठ राहिलाय, हे "झालं तर" नाही, झालेलं आहे; त्यावर तेव्हाच काहीतरी करायचं. आणि तो एकच वाक्य तुमच्याकडून ठरावीक शब्दांत पुन्हापुन्हा म्हणवून घेत असेल, शब्द चुकला की पहिल्यापासून सुरू करायला लावत असेल, तर हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना नक्की सांगा. तो प्रकार ओसीडीचा, म्हणजे मंत्रचळाचा, असू शकतो आणि तिथे विचार तपासत बसलं की बऱ्याचदा तेही त्याच चक्रात ओढलं जातं.

आमच्याकडे महिन्या-दीड महिन्यानं पंधरा मिनिटं उरायला लागली. उरलेल्या वेळात ती वहीच्या मागच्या पानांवर मोत्याची चित्रं काढायची.