वेन्ट हे गो चं दुसरं रूप नव्हतंच

प्रश्न : "अनियमित क्रियापदांच्या तक्त्यात गो-वेन्ट-गॉन असं का आहे? 'आय हॅव वेन्ट' चालतं का?"

चालत नाही. हॅव, हॅज, हॅड यांच्यामागे तिसरं रूप येतं : 'शी हॅज गॉन होम.' नुसत्या भूतकाळात दुसरं रूप : 'शी वेन्ट होम.' 'डिड यू वेन्ट?' तर त्याहून वाईट, कारण भूतकाळ डिडने आधीच उचललेला असतो, मागे पहिलं रूपच हवं. हे 'हॅव वेन्ट' आणि 'डिड वेन्ट' इतक्यांदा कानावर येतं की आता सहन होत नाही.

खरी गंमत पुढे आहे. गो आणि वेन्ट यांच्यात एकही ध्वनी समान नाही, कारण वेन्ट हे दुसऱ्याच क्रियापदाचं रूप आहे. ते क्रियापद वेन्ड, म्हणजे वळणं, मार्गस्थ होणं. सेन्ड-सेन्ट, बेन्ड-बेन्ट, लेन्ड-लेन्ट, तसंच वेन्ड-वेन्ट. गो चा स्वतःचा भूतकाळ जुन्या इंग्रजीत 'एओदे' असा होता. जुना तक्ता मांडला तर असा दिसेल :

| पहिलं | दुसरं | तिसरं |
|---|---|---|
| गो | एओदे | गॉन |
| वेन्ड | वेन्ट | वेन्ट |

पंधराव्या शतकाच्या अखेरीस प्रमाण इंग्रजीत वेन्टने एओदेच्या वंशजांना हुसकावून लावलं होतं. तिसऱ्या रूपाची जागा मात्र गॉनने सोडली नाही. म्हणजे आजच्या ओळीत मधलं घर परक्याचं आणि दोन्ही टोकं घरची. वेन्ट हातचं गेल्यावर वेन्डने स्वतःसाठी 'वेन्डेड' हे नियमित रूप करून घेतलं. ते आज 'दे वेन्डेड देअर वे होम' अशा ठरावीक प्रयोगातच भेटतं.

'अपवाद आहे, पाठ करा' म्हणणाऱ्या मास्तरांशी माझं इथेच वाजतं. आपण काय वेगळं करतो? जातो, जाईन, पण 'जाला' नाही, 'गेला'! जाणे आलं संस्कृत 'या' धातूपासून, गेला आलं 'गम्'च्या 'गत'पासून. दोन धातूंचे तुकडे जोडून एकच क्रियापद, हुबेहूब गो-वेन्ट. मराठी मुलाला हे दाखवायला एक मिनिट पुरतं, पण तक्ते छापणाऱ्यांना सुचत नाही. ते सगळं वर्णानुक्रमे लावतात, त्यामुळे बेन्ड, लेन्ड, सेन्ड, स्पेन्ड ही सख्खी भावंडं चार पानांवर विखुरतात. माझ्या मते तक्ता कुळांप्रमाणेच लावावा. शेवटच्या 'ड'चा 'ट' होणारे एकत्र, सिंग-सॅन्ग-संगसारखे स्वर बदलणारे एकत्र. वर्णक्रम शोधायला सोयीचा, असं उत्तर मला मिळालं आहे. शोधायला शब्दकोश असतो की! आणि कुळं लावतानाही आंधळेपणा नको : एन्ड, मेन्ड दिसायला त्याच घरातले, पण त्यांचं एन्डेड, मेन्डेड असं नियमितच होतं.