नाव सारखं, पाकीट वेगळं: नोंदणीआधी काय करता येतं

‘मसाल्याच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज केलाय, नोंदणी अजून आली नाही. एकाने जवळजवळ तेच नाव घेतलंय, पाकीट मात्र वेगळ्या रंगाचं. इन्फ्रिंजमेंटची केस टिकेल का?’

आज तरी नाही. मी वकील नाही, पण लोणच्याच्या धंद्यात याच भांडणातून गेलोय. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम २७ बिननोंदणी मार्कासाठी इन्फ्रिंजमेंटचा, म्हणजे मार्काच्या उल्लंघनाचा दावा होऊ देत नाही. पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्याविरुद्धच्या दाव्याचा रस्ता मात्र खुला ठेवतं.

पण तिथे त्याच्या पाकिटाचा वेगळा रंग आडवा येईल. नोंदणी असती, तर त्याने नावाचा मुख्य भाग उचलला एवढं दाखवून पुरलं असतं. रंग, वेष्टन, उत्पादकाचं नाव यांतल्या फरकाने तो सुटला नसता. पासिंग ऑफमध्ये तो म्हणू शकतो की माझं पाकीट बघून गिऱ्हाईक फसतच नाही, आणि ते पटलं तर सुटतो. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवरत्न औषधांच्या खटल्यात हा फरक स्पष्ट केला आहे. शिवाय बाजारात तुमचं नाव झालंय, त्याच्या मालाने गिऱ्हाइकाची दिशाभूल होते आणि त्यात तुमचं नुकसान आहे, हे सगळं तुम्हालाच दाखवावं लागतं.

फसवं साम्य ठरवताना दोन पाकिटं शेजारी ठेवून फरक मोजत नाहीत. अर्धवट आठवणीवर माल मागणारा साधा माणूस धरतात. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या वादात हायकोर्टाने शब्दांची फोड करून अर्थ वेगळे धरले. सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये सांगितलं की गिऱ्हाईक अशी फोड करत बसत नाही, पूर्ण नाव एकत्र कानावर पडतं. साम्य मान्य झालं. तरीही अमृतधारावाले वर्षानुवर्षं गप्प बसले होते, म्हणून लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळालीच. तेव्हा नोटीस आजच पाठवा.

आता माझं सगळ्यात मोठं नुकसान. आमचा टीएम-ए, म्हणजे ट्रेडमार्क नोंदणीचा अर्ज एका सल्लागार कार्यालयाने भरला. माल कित्येक वर्षं दुकानांत होता, तरी वापराच्या रकान्यात त्यांनी ‘प्रपोज्ड टु बी यूज्ड’, म्हणजे पुढे वापरणार, असं टाकलं. खरी तारीख लिहिली की शपथपत्र आणि पुरावे जोडावे लागतात, तेवढा त्रास त्यांना नको होता. समोरच्या वकिलाने तोच अर्ज कोर्टात वाचला: हे स्वतःच म्हणतात की अजून वापर नाही, मग नावलौकिक कुठला? जुन्या बिलांनी उत्तर देता आलं, पण मनाई हुकूम लांबला आणि तो सीझन गेला. फी मात्र त्यांनी पूर्ण घेतली, याचा राग अजून आहे.

तुमचा अर्ज रजिस्ट्रीच्या साइटवर उघडून तो रकाना आधी बघा. चुकला असेल तर लगेच वकिलाला विचारा, कारण दुरुस्ती सहज मिळत नाही. वर्षवार बिलं, जाहिराती आणि सीएकडून विक्रीचा दाखला काढून ठेवा. एखाद्या गिऱ्हाइकाने चुकून त्याचा माल तुमचा समजून तक्रार केली असेल, तर तो मेसेज अजिबात पुसू नका. माझ्या मते पासिंग ऑफमध्ये त्याच्याइतकं वजन दुसऱ्या कागदाला क्वचितच मिळतं.