घाई करावी की थांबावं? पेरणीवरून दोन म्हणींचा निवाडा

प्रश्न: एकीकडे म्हणतात 'अति घाई संकटात नेई', दुसरीकडे 'शुभस्य शीघ्रम्'. मग ऐकायचं कुणाचं?

मी आधी एवढंच बघतो की थांबल्याने हातातलं वाढतं की घटतं, आणि चूक झालीच तर ती परत फिरवता येते का. कोरडवाहू शेतीत एकाच वर्षात दोन्ही म्हणी खऱ्या ठरतात, म्हणून तेच उदाहरण घेतो.

मृग लागला, एका संध्याकाळी ३० मिमी पाऊस झाला आणि शेजाऱ्याने तिफण जुंपली. सोयाबीनच्या बाबतीत इथे थांबावं. कृषी विभाग ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच पेरा असं सांगतो, त्याला कारण आहे. सोयाबीनची साल पातळ असते. ३-४ सेंमी खोल पडलेलं बी वरच्या ओलीवर लगेच फुगतं. मग आठ-दहा दिवस उघडीप पडली की मोड जागीच वाळतो. फुगलेलं बी परत पोत्यात भरता येत नाही, एकरी २५-३० किलो बियाणं गेलं आणि दुबार पेरणी आली. पावसाचा आकडा माहीत नसेल तर कुदळीने वीतभर खणून बघा. बोटभर खाली माती कोरडी लागली तर पाऊस पुरेसा झालेला नाही.

या दिवसांत ओल पुढे वाढणार असते, त्यामुळे आठवडाभर थांबलं तर नुकसान थोडं आणि घाई फसली तर मोठं. पण या थांबण्यालाही हद्द आहे. जुलैचा मध्य उलटला की सोयाबीनचं उत्पन्न घटत जातं, तेव्हा आणखी वाट बघण्यापेक्षा पीक बदलण्याचा विचार करावा. ही तारीख आधीच ठरवून ठेवावी. आभाळाकडे बघत ठरवायला गेलं की ती रोज पुढे सरकते. विहिरीला पाणी असेल तर हिशोब बदलतो, कारण उघडीप पडली तरी एक पाणी देऊन चूक सावरता येते.

आता सोलापूरकडची रब्बी ज्वारी घ्या. पेरणीचा काळ साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. पाऊस परतीला लागलेला असतो आणि पीक जमिनीत साठलेल्या ओलीवरच निघायचं असतं. काळ्या रानात ती ओल रोज थोडी थोडी उडते. इथे 'अजून एक सर येऊ दे' म्हणून थांबणारा फसतो: वरचा थर वाळतो, बी ओलीला लागत नाही, उगवण विरळ होते. वाफसा आला की त्याच दिवशी पेरावं. 'शुभस्य शीघ्रम्' या शेतात शब्दशः लागू पडतं.

घोळ होतो तो एका हंगामाची म्हण दुसऱ्यात नेल्यामुळे. जूनमध्ये दुबार पेरणीने पोळलेला माणूस ऑक्टोबरात ताकही फुंकून पितो, आणि तेवढ्यात ओल उडून गेलेली असते.