आपला मंगळवार, आजीचा बुधवार

"आई, आपला गणपती मंगळवारी आला आणि आजीचा बुधवारी. मग कोणाचं चुकलं? आणि ख्रिसमससारखी एकच तारीख का नाही ठेवून टाकत?"

प्रिय ओवी,

कोणाचंच चुकलं नाही. गाडीत हे सांगत बसले असते तर आपला फाटा चुकला असता, म्हणून तेव्हा "घरी गेल्यावर" म्हणाले. घरी आल्यावर तू उरलेल्या मोदकांकडे धावलीस आणि मग झोपलीस. आता स्वयंपाकघर आवरून झालंय, तर लिहूनच ठेवते. शाळेतून आलीस की वाच.

गणपती 26 तारखेला येत नाही की 27 तारखेलाही येत नाही. तो येतो भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, आणि ही चतुर्थी म्हणजे तारीख नव्हे, ते आकाशातलं अंतर आहे. तुमच्या शाळेच्या मैदानावरचा गोल ट्रॅक आठव. त्यावर सूर्य आणि चंद्र दोघं धावतायत असं समज. सूर्य अगदी सावकाश, दिवसाला साधारण एक अंश. चंद्र चपळ, दिवसाला साधारण तेरा अंश. दोघं एका रेषेत आले की अमावस्या. तिथून चंद्र पुढे सटकतो आणि सूर्याच्या दर 12 अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. पहिले 12 अंश प्रतिपदा, 24 पर्यंत द्वितीया, 36 पर्यंत तृतीया. 36 ते 48 ही चतुर्थी. पूर्ण फेरी 360 अंशांची, म्हणून महिन्यात तिथी तीस. एवढंच आहे. लहानपणी मला वाटायचं पंचांग म्हणजे भटजींनाच कळणारं काहीतरी. इंजिनियरिंगला गेल्यावर कळलं, हे तर सरळ कोन मोजणं आहे.

यात एक गंमत आहे. चंद्र कायम एका वेगाने धावत नाही. पृथ्वीपासून लांब असला की रेंगाळतो, जवळ आला की सुटतो. त्यामुळे कुठली तिथी एकोणीस-वीस तासांत आटोपते तर कुठली सव्वीस तासांपर्यंत लांबते. यंदाच्या, म्हणजे 2025 च्या, चतुर्थीला चंद्र बराच लांब होता, म्हणून ती जवळजवळ सव्वीस तास चालली.

चंद्र 36 अंशांवर पोचला तो क्षण सगळ्या जगाला एकच. तो काही आजीच्या पुण्यात आधी आणि अमेरिकेत आपल्या सॅन होजेत नंतर पोचत नाही. फक्त त्या क्षणी आजीच्या भिंतीवरच्या घड्याळात मंगळवार, 26 ऑगस्टची दुपार होती, दोनला थोडी कमी. आपल्याकडे मंगळवारच उजाडायचा होता. मध्यरात्र उलटून दीड वाजत आला होता आणि तू पांघरूण लाथाडून झोपली होतीस. चतुर्थी संपली ती आजीकडे बुधवारी दुपारी पावणेचारच्या सुमारास, आपल्याकडे बुधवारी पहाटे सव्वातीनला.

म्हणजे चतुर्थी आजीकडेही मंगळवारी होती आणि बुधवारीही. मग तिने बुधवारच का धरला? कारण गणपतीची पूजा मध्याह्नी करायची असते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे पाच सारखे भाग करायचे: प्रातःकाळ, संगव, मध्याह्न, अपराह्न, सायाह्न. मधला तो मध्याह्न. ज्या दिवशीच्या मध्याह्नी चतुर्थी असेल तो गणपतीचा दिवस. पुण्यात ऑगस्टच्या शेवटी मध्याह्न येतो साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन. मंगळवारी चतुर्थी लागली तोवर तो उलटून गेला होता, जेमतेम हुकला. बुधवारी मात्र पूर्ण मध्याह्नभर चतुर्थी होती. म्हणून आजीचा बुधवार.

आता आपला हिशेब कर. आपल्याकडे मध्याह्न साधारण पावणेबारा ते अडीच. (इतका उशिरा का? उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे केलेली असतात.) मंगळवारी या सगळ्या वेळात चतुर्थी होती. बुधवारी ती सूर्य उगवायच्या आतच संपली. मग आपल्याला मंगळवारच, दुसरा पर्याय नाही. म्हणून तुला शाळेतून लवकर आणलं आणि मी ऑफिसातून अर्धी सुट्टी काढली. तुझ्या बाबाने मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून कणीदार तुपाची वाटी कशी शोधली ते त्यालाच विचार.

आणि हे बघ. आपली पूजा झाली मंगळवारी दुपारी साडेबाराला. तेव्हा पुण्यात बुधवारची मध्यरात्र उलटून एक वाजला होता. आजीची पूजा झाली बुधवारी साडेअकराला, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री अकरा. तारखा वेगळ्या दिसतात, पण दोन्ही पूजांमध्ये अर्ध्या दिवसाचंही अंतर नाही आणि दोन्ही एकाच चतुर्थीत बसतात. पत्रिका, कॅलेंडर, सुट्टी यांच्यापुरते आपण वेगळे. चंद्राच्या हिशेबात एकत्रच.

तू हट्टाने जागी राहून व्हिडिओ कॉलवर ती आरती पाहिलीस ना, तेव्हा आवाज का बिघडत होता तेही सांगते. आपला आवाज तिकडे पोचायला आणि त्यांचा इकडे यायला थोडा वेळ लागतो. आजोबा ठेका धरायचे, आपण त्यांच्यामागून म्हणायचो, तिकडे ते आणखी मागे ऐकू यायचं, मग ते थांबायचे, आपणही थांबायचो. यावर इंजिनियर असूनही माझ्याकडे उपाय नाही. एका बाजूने म्यूट करून नुसत्या टाळ्या वाजवायच्या, बस. मी म्यूट केलं तेव्हा तू रागावलीस, पण त्याशिवाय आरती संपलीच नसती.

खरं सांगू, म्यूट केल्यावर मला जास्त बरं वाटलं. मागून गल्लीतल्या मंडळाचा ताशा ऐकू आला. काकू कोणाला तरी "अगं निरांजन, निरांजन!" म्हणून ओरडली. प्रसादाच्या आधीच कोणीतरी खिरापतीवर हात मारला आणि आजीने नेहमीप्रमाणे पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्या घरात मी दरवर्षी दुर्वांच्या जुड्या बांधायला बसायचे. एकवीस दुर्वा, तीन-तीन पात्यांच्या. तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. आता इथे शेजारचे काका ज्या बरम्युडा ग्रासला वैतागून औषध मारतात, तीच आपली दुर्वा आहे हे कळल्यापासून मी त्यांच्या कुंपणाशी जरा जास्तच घुटमळते. औषध न मारलेला कोपरा त्यांनी मला काढून दिलाय. देवाला मिळाल्या, त्यांचं तण गेलं.

आता तुझा दुसरा प्रश्न, ख्रिसमसचा. चंद्राचे बारा महिने मिळून साधारण 354 दिवस होतात. सूर्याचं वर्ष 365 दिवसांचं. दर वर्षी अकराएक दिवसांची तूट. म्हणून गणपती 2023 मध्ये 19 सप्टेंबरला आला, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला आणि यंदा 27 ऑगस्टला. असंच मागे मागे जात राहिलं असतं तर काही वर्षांनी तो ऐन उन्हाळ्यात आला असता आणि दिवाळी पावसात. तसं होऊ नये म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी एक जादा महिना घालतात, तो अधिक मास. तोही मनाला येईल तिथे घालत नाहीत. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य एका राशीतून दुसरीत जातच नाही, तो महिना अधिक. 2023 मध्ये श्रावण दोनदा आला होता, 2026 मध्ये ज्येष्ठ दोनदा येणार आहे. म्हणून पुढच्या वर्षी गणपती मागे न सरकता एकदम पुढे उडी मारेल: 14 सप्टेंबर, सोमवार. मी हिशेब करून पाहिलाय, तेव्हा आपल्याकडेही सोमवारच निघतो. आजीला आत्ताच सांगून ठेव, तिला आवडेल.

तुमच्या शाळेत ईस्टर असतो ना? तोही दरवर्षी हलतो, कारण त्यातही पौर्णिमा बघतात. आणि आपल्याकडेही संक्रांत जवळपास जागची हलत नाही, 14 किंवा 15 जानेवारी, कारण ती सूर्यावरून ठरते. तेव्हा "त्यांचं पक्कं, आपलं डळमळीत" असं वर्गात कोणी म्हणालं तर ही दोन उदाहरणं पुरेत.

एक सावधगिरी मात्र शिकून घे. आपल्या फ्रिजशेजारी आजीने पाठवलेलं कालनिर्णय टांगलंय, ते मला फार प्रिय आहे. पण त्यातल्या वेळा भारतातल्या आहेत. त्यातून साडेबारा तास वजा केले की काम झालं असं पुष्कळ जण समजतात. (हिवाळ्यात साडेतेरा, कारण घड्याळं मागे येतात.) वजाबाकीने तिथी कधी लागली ते कळतं, सण कधी ते नाही. त्यासाठी आपल्या गावचा सूर्योदय, सूर्यास्त घेऊन पुन्हा पाहावं लागतं, आणि प्रत्येक सणाची घटका वेगळी. गणपतीला मध्याह्न, लक्ष्मीपूजनाला सूर्यास्तानंतरचा प्रदोष, गोकुळाष्टमीला मध्यरात्र, संकष्टीला चंद्रोदय. चंद्रोदय तर गावागणिक बदलतो. संकष्टीला पुण्याची वेळ वाचून इथे उपास सोडायला बसलं तर कधीकधी आकाशात चंद्रच नसायचा.

आणि महाराष्ट्र मंडळाचा गणपती शनिवारी का, असं तू विचारणारच. कारण त्या दिवशी हॉल मिळतो आणि लोकांना सुट्टी असते. मला त्यात काही वावगं वाटत नाही. घरचा तिथीने, मंडळाचा सवडीने. तिथे ढोल वाजवायला मिळतो, आणि तो ढोल वाजवताना मला तिथी आठवत नाही.

आता तुला एक काम. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. अनुराधा नक्षत्र पुण्यात शनिवारी, 30 ऑगस्टला दुपारी अडीचनंतर लागतं आणि रविवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंत असतं. आजीकडे गौरी रविवारी यायच्या आहेत. आपल्याकडे कधी येतील ते काढून मला रात्री जेवताना सांग. लवकर काढ, कारण साड्यांना अजून इस्त्री व्हायची आहे आणि पावलांचे ठसे तूच काढणार आहेस.

तुझी,
आई