२५० ओहम, मोबाईल आणि आमच्या दाजींचा अ‍ॅम्प

प्रश्न: माझ्याकडं २५० ओहमचा हेडफोन आलाय. मोबाईलला डायरेक्ट लावून चालेल का, की वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायलाच लागतो? ओहम जास्त असले की अ‍ॅम्प पाहिजेच असं सगळे म्हणतात.

उत्तर:

सगळे म्हणतात त्यात आमचे दाजी पहिल्या नंबरला. त्यांच्या नादानं साडेआठ हजार घातलेत मी, त्यामुळं जरा लांबड लागणार, बसून वाच.

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे. दिवसभर कान किटतात आणि रात्री घरी आलं की वडिलांच्या जुन्या कॅसेट ऐकायच्या, एवढाच शौक. वडील गाणं ऐकणारे. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायचे त्या गावचे आपण, असं ते छाती काढून सांगायचे, स्वतःला सा लागत नसला तरी. त्यांच्या चाळीसएक कॅसेट भाच्यानं कॉम्प्युटरवर उतरवून मोबाईलमध्ये टाकून दिल्या. मग मी बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो जुन्यात घेतला, २५० ओहमवाला. लावला तर काय, सिनेमाची गाणी ठणठणीत वाजतायत आणि वडिलांचा यमन फुल आवाजावर पण शेजारच्या खोलीत कोणतरी गातंय असा.

दाजी रविवारी जेवायला आले होते. पांढरा रस्सा ओरपत म्हणाले, "अडीचशे ओहम मोबाईलवर? अहो, ते ओढणारच नाही. अ‍ॅम्प पाहिजे." दाजींचं ऐकलं नाही तर ताईचा फोन येतो, म्हणून पुण्यातनं अ‍ॅम्प मागवला. मोबाईलच्या जॅकमधनं ऑक्स केबलनं अ‍ॅम्पला दिलं, नॉब फिरवला, यमन दणक्यात. दाजी म्हणाले, "बघा, बेस बघा, स्टेज बघा, सगळं उघडलं." मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मी पडलो मीटर लावणारा माणूस. 'ओढत नाही' म्हणजे नेमकं काय, हे डोक्यातनं जाईना. कारण ओहम जास्त म्हणजे करंट कमी, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. अर्धा व्होल्ट दिला तर ३२ ओहमचा हेडफोन १५-१६ मिलीअँपिअर ओढतो आणि २५० वाला फक्त दोन. मग मोबाईलला जड कोण? उसाला पाणी उपसायचं म्हण, बारीक पाईपला पाणी थोडंच लागतं पण हेड जास्त लागतो. तसं जास्त ओहमला करंट नको, व्होल्टेज पाहिजे. आणि मोबाईलचा जॅक किती व्होल्टेज देतो हे मोजता येतंय की, त्यात वाद कसला.

मोजलं. जुन्या इअरफोनची वायर कापली, टोन जनरेटरच्या अ‍ॅपमधनं ६० हर्ट्झची साईन लावली, आवाज फुल, आणि डाव्या चॅनेलची वायर आणि ग्राउंड यांच्यात एसी व्होल्ट बघितले. दोन गोष्टी सांगतो. टोन ५०-६० हर्ट्झचीच लाव, साधे मीटर हजार हर्ट्झला चुकीचं दाखवतात. आणि तो पिवळा दोनशे-तीनशे रुपयेवाला मीटर घेऊ नको, त्याची एसीची सगळ्यात खालची रेंजच २०० व्होल्टची, अर्धा व्होल्ट त्याला काय कळणार. ऑटो रेंजचा पाहिजे. माझ्या मोबाईलनं दाखवले ०.५० व्होल्ट.

आता हेडफोनची सेन्सिटिव्हिटी कंपनी देते ९६ डीबी, एक मिलीवॅटला. अर्ध्या व्होल्टला किती मिलीवॅट होतात बघ:

```
P = V² / R = 0.5 × 0.5 / 250 = 0.001 W = 1 mW
```

बरोब्बर एक मिलीवॅट. म्हणजे माझा मोबाईल या हेडफोनवर जास्तीत जास्त ९६ डीबी काढणार. फाउंड्रीत आम्हाला सेफ्टीवाले सांगतात की ९० डीबीत आठ तास, त्याच्या वर नाही. आणि हा 'न ओढणारा' मोबाईल ९६ पर्यंत जातोय! मग यमन बारीक का?

इथं मला दोन आठवडे लागले. उत्तर हेडफोनमध्ये नव्हतंच, फाईलमध्ये होतं. ९६ डीबी हे फाईल काठोकाठ भरलेली असेल तेव्हाचं. आजकालचं सिनेमाचं गाणं तसं भरलेलंच असतं, त्याचा सरासरी आवाज वरच्या टोकाच्या साधारण १० डीबी खाली, म्हणजे कानाला ८६, भरपूर झालं. भाच्यानं कॅसेट उतरवताना लेव्हल घाबरत घाबरत ठेवलेली. फाईल ऑडॅसिटी नावाच्या ऑडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर तानेचं सगळ्यात उंच टोकच १४ डीबी खाली. त्यात खयाल, आलापी हळू आणि तान मोठी, सरासरी टोकाच्या अजून पंधराएक डीबी खाली. ९६ वजा १४ वजा १५, राहिले ६७. म्हणजे समोरच्या माणसाशी जरा मोठ्यानं बोलतोय तेवढा आवाज, आणि तो पण मोबाईल फुल करून. हेडफोन तोच, मोबाईल तोच, फरक १९ डीबीचा.

ऑडॅसिटीत सगळं सिलेक्ट करून अ‍ॅम्प्लिफाय मारलं, १३ डीबी. यमन ८० वर आला, फुकटात. कॅसेटची सरसर पण तेवढीच वर येते, पण ती अ‍ॅम्पनं पण येतेच, अ‍ॅम्प काय गाणं आणि सरसर वेगळी करून देत नाही.

दाजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "आवाज सोडा हो, क्वालिटी वेगळी." म्हटलं ठीक. दिवाळीत बसवलं त्यांना. आधी मोबाईल डायरेक्ट आणि अ‍ॅम्प दोन्हीकडनं ६० हर्ट्झची टोन देऊन, हेडफोन स्प्लिटरवर लावलेला ठेवून, मीटरवर दोन्हीकडं ०.५० येईपर्यंत नॉब लावला. हे केल्याशिवाय तुलना म्हणजे थापा. एका डीबीचा फरक असला तर कानाला आवाज मोठा झाला असं वाटतच नाही, चांगला झाला असं वाटतं, आणि कमी आवाजात कानाला बेस कमीच ऐकू येतो, त्यामुळं आवाज वाढला की बेस 'उघडतो'. त्या रविवारी जे उघडलं होतं ते हेच. मग भाचा पाठीमागं बसून नाणं उडवून वायर बदलणार आणि दाजींनी ओळखायचं. दहातले सहा बरोबर. नाणं उडवून बोलले असते तरी एवढे आले असते. दाजी म्हणाले, "आज सर्दी आहे." ताईनं मला डोळे वटारले म्हणून गप्प बसलो, पण तुला लिहितोय.

वर दाजींचा अजून एक हुकमी पत्ता होता. त्यांचा एकेजीचा के ७०२, ६२ ओहम, बॉक्सवर १०५ डीबी. "तुमचा ९६, आमचा १०५, नऊ डीबीचा फरक." अहो दाजी, तुमचा आकडा एका व्होल्टला आहे आणि माझा एका मिलीवॅटला. किलो आणि लिटर एकाच काट्यावर घालताय. माझ्या हेडफोनला एक व्होल्ट दिला की चार मिलीवॅट होतात, म्हणजे ९६ वर सहा वाढले, १०२. फरक तीन डीबीचा. ओहम चौपट आणि आवाजात फरक तीन. म्हणून नुसते ओहम बघून अ‍ॅम्प लागतो का सांगणारा माणूस अर्धंच वाचतो. ओहमचा फरक खोटा नाही, डीटी ७७० प्रो चाच ३२ ओहमवाला माझ्या मोबाईलवर नऊ डीबी जास्त वाजणार, कारण सेन्सिटिव्हिटी दोन्हीची तेवढीच लिहिलेली. पण उलटं पण बघ. हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा आणि सेन्सिटिव्हिटी ८३.५. माझ्या अर्ध्या व्होल्टवर तो साडेनव्वदच्या आसपास थांबणार, २५० ओहमवाल्यापेक्षा पाच-साडेपाच डीबी हळू, आणि करंट पाचपट ओढून. त्याला अ‍ॅम्प पाहिजे, तिथं मी दाजींच्या बाजूनं.

आता तुझं. कुठला हेडफोन ते लिहिलं नाहीस, मोबाईलला जॅक आहे का ते पण नाही. जॅक नसेल तर सी टाईपचा डोंगल लागणारच, आणि बहुतेक डोंगलमध्येच डॅक, म्हणजे डिजिटल फाईलचा सिग्नल बनवणारी चिप, आणि अ‍ॅम्प दोन्ही असतात, म्हणजे वेगळा अ‍ॅम्प तू घेतलेलाच आहेस. एक व्होल्ट देणारा डोंगल असेल तर माझ्या मोबाईलपेक्षा सहा डीबी वर, दोन व्होल्टवाला असेल तर बारा. सुगम संगीत, सिनेमा, यूट्यूब असलं ऐकत असशील तर एक व्होल्ट रग्गड. खयाल किंवा वेस्टर्न क्लासिकल, बारीक लेव्हलला रेकॉर्ड केलेलं, असं ऐकत असशील तर दोन व्होल्टवाला घे. एक बारीक गोष्ट, काही डोंगल अँड्रॉइडला लावले की त्यांचा स्वतःचा आवाज आतनं अर्ध्यावर अडकतो आणि माणूस हेडफोनला शिव्या देतो. माझा पहिला डोंगल असाच निघाला, मीटर लावला म्हणून कळलं.

हे सगळं आवाज पुरतो का एवढ्यापुरतं आहे. मोबाईलच्या जॅकमधनं खरखर येत असेल किंवा फुल आवाजावर फाटत असेल तर वेगळा डोंगल किंवा अ‍ॅम्प घ्यायला कारण आहे. ६०० ओहमवाला असेल तर अर्ध्या व्होल्टवर अजून चारेक डीबी जातात, ते पण धर. आणि अ‍ॅम्प घेतलाच तर त्याचा आउटपुट इम्पीडन्स बघून घे. माझ्या साडेआठ हजारवाल्याचा दहा ओहम आहे. २५० ला काही फरक पडला नाही, पण १६ ओहमचे चार ड्रायव्हरवाले इअरफोन लावले तर त्यांचा सूरच बदलला, कारण त्यांचे ओहम प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळे असतात आणि अ‍ॅम्पचे दहा ओहम मधे बसून कुठं जास्त कुठं कमी आवाज खातात. वर शांत जागी सुंसुं ऐकू येते ती वेगळीच.

मोबाईलचं मॉडेल, हेडफोनचं पूर्ण नाव आणि मीटरवर आलेले व्होल्ट कॉमेंटमध्ये टाक, हिशोब करून देतो. मीटर नसेल तर कुणाचा तरी तासाभरासाठी माग, पण पिवळा नको.