टी४ची इजा आणि बाळंतपण: आधी रक्तदाब सांभाळा

प्रश्न: मी व्हीलचेअर वापरते, टी४ला, म्हणजे छातीमागच्या चौथ्या मणक्यापाशी, मज्जारज्जूची इजा आहे. सातवा महिना चालू आहे. कळा कळतील का? सिझरच करावं लागेल का?

इजा आहे म्हणून सिझर, असं नसतं. कळा मात्र कदाचित जाणवणार नाहीत. रोज पोटावर हात ठेवून ते थांबून थांबून दगडासारखं घट्ट होतंय का पाहा. मला जास्त काळजी रक्तदाबाची वाटते. टी६च्या वरच्या इजेत तो कळेसरशी एकदम चढू शकतो: डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. तुमचा नेहमीचा ९०/६० असेल तर वरचा १३०सुद्धा धोक्याचा, म्हणून तुमचा नेहमीचा आकडा फाइलवर ठळक लिहून घ्या. भूलतज्ज्ञांना आत्ताच भेटा. दुखत नसलं तरी एपिड्यूरल, म्हणजे पाठीतल्या बारीक नळीतून दिली जाणारी भूल, लवकर लावून घ्यायचं, कारण ते हा चढ रोखतं. घरी असं झालं तर ताठ बसा, लघवीची नळी मुडपलीय का बघा आणि तडक दवाखाना गाठा.