खालचे दोन सुळे काढण्याआधी

खाली दोनच सुळे उरलेत, थोडे हलतातही, म्हणून काढून पूर्ण कवळी देऊ का, असं विचारलंस. थांब, आधी एक्स-रे बघ. निम्म्या मुळाला हाड धरून असेल तर ते ठेव.

रूट कॅनाल कर, दात हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर उरेल इतका काप, माथा घुमटासारखा गोल करून कॅनालचं तोंड बंद कर. उंची घटली की मुळावरचा तरफेचा जोर कमी होतो. हलणारा सुळा बऱ्याचदा घट्ट वाटू लागतो. वर कवळी बसते. क्रम आणि रूनी या संशोधकांनी 1978 मध्ये दाखवलं, की 5 वर्षांत खालच्या पुढच्या भागाचं हाड साध्या कवळीखाली सरासरी 5.2 मिमी झिजलं, मुळांवर बसलेल्या कवळीखाली फक्त 0.6.

मुळाभोवतीच्या तंतूंमुळे घास किती कडक आहे हे पेशंटला कळतं. इम्प्लांटला ते तंतू नसतात. पण नुसत्या घुमटाने पकड फारशी वाढत नाही. भाकरी चावताना कवळी उचलली जात असेल तर बॉल अटॅचमेंट किंवा मॅग्नेट लागेल. सुळे वाचणारच नसतील तर त्याच जागी दोन इम्प्लांट.

हे मूळ बहुतेकदा किडीने जातं. माझ्या एका आजोबा पेशंटने रात्रीही कवळी काढली नाही. वर्षभरात घुमटावर प्रोब रुतायला लागला. म्हणून रात्री कवळी बाहेर, मुळावर ब्रश आणि रोज फ्लोराइड जेल. घासायला कंटाळणाऱ्याला हा उपाय देऊ नकोस.